वडिलांचं भाषण जर्मनमध्ये नेण्याआधी: अनुवादकाला काय काय सांगाल?

कोथरूडच्या एका काकांनी मुलीच्या रिसेप्शनमधलं भाषण मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. फुलस्केपची दोन पानं, निळ्या शाईत, फोटो काढून. खाली एकच ओळ होती: 'याचं जर्मन करून हवं आहे. शुक्रवारपर्यंत जमेल का?' भाषण वाचलं, फार जिव्हाळ्याचं होतं. तरीही एक ओळही न लिहिता मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, "काका, जावयाशी तुम्ही बोलता कसे? अरे-तुरे की अहो-जाहो?"

"अहो, जावई आहेत. अहो-जाहोच करणार ना!"

काकांचं म्हणणं मराठीत अगदी बरोबर आहे. पण ते जसंच्या तसं जर्मनमध्ये नेलं असतं, तर तो मुलगा मांडवात गोंधळला असता. का, ते पुढे सांगते. मी मराठीतून जर्मनमध्ये अनुवाद करते. पुण्यात जर्मन शिकलेली माणसं भरपूर आहेत, रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनामुळे आणि शाळांमधूनही, त्यामुळे 'शब्द' कोणीतरी करून देतंच. अडतं ते दुसरीकडे. लग्नातलं भाषण आणि प्रेमपत्र यांत कागदावर असतं त्याच्या दुप्पट कागदाबाहेर असतं, आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय अनुवादकाला कळायला काही मार्ग नसतो. काकांच्या भाषणाचंच उदाहरण घेऊन ते कसं सांगायचं ते लिहिते.

आधी माणसं सांगा, मग मजकूर

भाषणात ज्यांचं ज्यांचं नाव किंवा नातं येतं त्या सगळ्यांची यादी करा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: नाव आणि त्याचा उच्चार, नेमकं नातं, तो माणूस हयात आहे की नाही आणि समारंभाला असणार आहे की नाही, आणि घरात त्याला काय म्हणतात.

नेमकं नातं का, तर मराठीतले काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे सगळे जर्मनमध्ये 'ओंकेल' होतात. काकांच्या भाषणात एक वाक्य होतं: 'मामानं हात धरून तिला अंतरपाटापाशी आणलं तेव्हा माझा धीर सुटला.' आपल्याला यात समजावण्यासारखं काही वाटत नाही. जर्मन पाहुण्यांना मात्र 'ओंकेल' म्हटल्यावर प्रश्न पडतो की वडील असताना मुलीला कोणा दुसऱ्याच माणसानं का आणलं. 'आईचा भाऊ, आमच्याकडे हा मान त्याचा' एवढे शब्द घातले की वाक्य उभं राहतं. पण मजकुरात 'मामा' हे कोणाचं लाडाचं नाव आहे की खरं नातं, हे मला विचारावं लागलं. पुष्कळ घरांत शेजारच्यांनाही मामा म्हणतात.

दुसऱ्या बाजूची माणसं सांगताना जास्त काळजी घ्या, कारण तिथली माहिती आपल्याला बहुधा अर्धीच असते. काकांनी लिहिलं होतं, 'तुम्ही दोघांनी मुलावर जे संस्कार केलेत, त्याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.' मी विचारलं, दोघं म्हणजे कोण? काकांना वाटलं, असं काय विचारते, आई-वडील. मग त्यांनी मुलीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. मुलाचे आई-वडील तो लहान असतानाच वेगळे झाले होते. त्याला वाढवलं आई आणि तिच्या दुसऱ्या जोडीदारानं, आणि वडील त्यांच्या दुसऱ्या पत्नीसह येणार होते. म्हणजे समोर चौघं बसणार होते. त्यांतल्या 'दोघांना' उद्देशून बोललं की उरलेल्या दोघांनी खाली बघायचं. शेवटी ते वाक्य 'त्याला ज्या ज्या घरांनी वाढवलं त्या सगळ्यांना' असं झालं. हा बदल काकांनी स्वतः केला आणि मराठीतही केला. अनुवादकानं परस्पर असा बदल करायचा नसतो. पण माहितीच मिळाली नाही तर तो प्रश्न तरी कुठून विचारणार?

'तुम्ही'ची वाटणी

मराठीत 'तुम्ही' एकच आहे. आदरार्थी एका माणसालाही आणि अनेकांनाही. जर्मनमध्ये त्याचे तीन रस्ते फुटतात. एका माणसाशी जवळिकीनं बोलताना 'डू', जवळच्या अनेकांशी बोलताना 'ईर', आणि परक्याशी किंवा औपचारिक बोलताना, एक असो की अनेक, 'झी'. आपलं 'तुम्ही' एकाच वेळी आदराचं आणि मायेचं असू शकतं. 'झी'मध्ये आदर असतो, पण अंतरही असतं. जर्मन कुटुंबात सासरा जावयाला सहसा 'डू' म्हणतो. भर समारंभात त्यानं 'झी' म्हटलं, तर ऐकणाऱ्यांना वाटतं की यांनी अजून याला घरातलं मानलेलं नाही.

म्हणजे काकांनी आदरानं वापरलेलं 'तुम्ही' जर्मनमध्ये 'डू'च व्हायला हवं, तेव्हाच भाव तोच राहतो. आता प्रश्न व्याह्यांचा. तिथे ठोकताळा चालत नाही. जर्मनीत 'डू'वर येण्याची एक रीत आहे: सहसा वयानं किंवा मानानं मोठा माणूस समोरच्याला तसं बोलण्याची मोकळीक देतो. ती मिळाली आहे की नाही, हे फक्त त्या घरांना माहीत असतं. म्हणून अनुवादकाला सांगा: व्हिडिओ कॉलवर किंवा प्रत्यक्ष भेटीत दोन्ही घरं एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात का? मुलगी तिच्या सासूशी कसं बोलते? इंग्रजीत बोलत असाल तर हे कळत नाही, कारण इंग्रजीत 'यू' एकच. अशा वेळी मुलीनं किंवा जावयानं आईला सरळ विचारावं. आमच्या बाबतीत विहीणबाई म्हणाल्या, डूच म्हणा. मग सगळ्या भाषणाला एक सूर मिळाला.

कोणाला काय माहीत आहे

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगते, कारण ती टाळता येण्यासारखी होती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका लग्नाच्या भाषणात वधूपित्यानं लिहिलं होतं, 'सुरुवातीला आमचा या लग्नाला विरोध होता, पण मुलाला भेटलो आणि विरघळलो.' मराठी मंडळींना ही हकीकत माहीत होती, त्यांच्यासाठी हा वडिलांचा मोठेपणा होता. मी ते नीट, नेटकं जर्मनमध्ये केलं. मुलाच्या आईला मात्र असा विरोध झाला होता हे ठाऊकच नव्हतं. मुलानं तिला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. तिला ते पहिल्यांदा कळलं ते शंभर माणसांत, माझ्या शब्दांत. मी एक प्रश्न विचारला असता तर हे झालं नसतं. तेव्हापासून तो प्रश्न मी कधीच सोडत नाही.

म्हणून मजकूर पाठवण्याआधी पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे जुनी घटना आहे तिथे समासात लिहा, 'हे त्यांना माहीत आहे', 'माहीत नाही', 'खात्री नाही'. विरोध, आजारपण, आधीचं लग्न, मोडलेला साखरपुडा, पत्रिका जुळली नव्हती वगैरे, नोकरी गेली होती तो काळ, जोडपं लग्नाआधी एकत्र राहत होतं का. 'खात्री नाही' असेल तर वाक्य बाजूला ठेवून आधी मुलीला विचारा. हीच काळजी उलट दिशेनंही घ्यायची असते. मुलीनं जर्मन मित्रांना सांगितलेलं पुण्याच्या आत्याला ठाऊक असेलच असं नाही.

ओळ वाचून समोरच्यानं काय करावं?

सूर सांगायचा म्हटलं की लोक सांगतात, 'जरा भावनिक ठेवा', 'हलकंफुलकं असू द्या'. यावरून काहीच कळत नाही, कारण प्रत्येकाचं भावनिक वेगळं असतं. मी एकच प्रश्न विचारते: ही ओळ ऐकल्यावर समोरच्या माणसानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? हसावं, डोळे पुसावेत, मान हलवावी, उठून तुम्हाला मिठी मारावी? त्याचं उत्तर सांगा.

काकांच्या भाषणातली सगळ्यांत अवघड ओळ अशी होती: 'विहीणबाई, आमची चिऊ आता तुमच्या पदरात घालतोय. काही चुकलंमाकलं तर पोटात घाला.'

शब्दशः करायचा प्रश्नच नव्हता. पदर आणि पोट दोन्ही जर्मनमध्ये हास्यास्पद झाले असते. अर्थ घेऊन केलं तर 'ती आता तुमच्या हवाली, तिच्या चुका माफ करा.' हे जर्मन कानांना कसं ऐकू येतं? बाप आपल्या मोठ्या, कमावत्या मुलीबद्दल सगळ्यांसमोर आगाऊ माफी मागतो आहे, आणि तिला कोणाच्या तरी ताब्यात देतो आहे. मुलगी तिथे सहा वर्षं नोकरी करते. तिचे सहकारी समोर बसलेले.

मी काकांना तोच प्रश्न विचारला. विहीणबाईंनी हे ऐकून काय करावं? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माफीबिफी काही नाही हो. तसं म्हणायची पद्धत आहे. तिला तिकडे कधी घरची आठवण आली, बरं नसलं, तर यांच्याकडे हक्कानं जाता यावं. बस."

बस, एवढंच हवं होतं. जर्मनमध्ये ती ओळ 'तिला जेव्हा घर आठवेल, तेव्हा तुमचं दार तिच्यासाठी उघडं असू द्या' या अर्थानं गेली. मराठीत काकांनी पदर आणि पोट तसंच ठेवलं, कारण पुण्याच्या मंडळींना तेच ऐकायचं होतं. मात्र एक गोष्ट मी आग्रहानं करायला लावली: दोन भाषांतली ओळ जिथे वेगळी होते, ती जागा मुलीला आधीच दाखवायची. समोर दोन्ही भाषा कळणारे लोक असतातच, आणि बहुतेक वेळा त्यांत नवरी स्वतः असते. तिनं वाचून हो म्हटलं.

'संस्कार' या शब्दाचंही असंच झालं. त्याला जर्मनमध्ये जवळचे शब्द आहेत, पण एक शिस्तीकडे झुकतो, दुसरा मूल्यांच्या भाषणाकडे. अशा वेळी शब्दापेक्षा प्रसंग द्या. काकांना विचारलं, त्याच्यात काय बघून तुम्हाला संस्कार दिसले? म्हणाले, "पहिल्यांदा घरी आला, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचललं, आणि हिच्या हातातली कढई घेऊन घासायलाच उभा राहिला." हा प्रसंग जशाच्या तसा गेला. संस्कार हा शब्द जर्मनमध्ये आलाच नाही, आणि कोणाला त्याची उणीव भासली नाही.

विनोदाबद्दल थोडक्यात: कोणाला हसतोय आणि त्या माणसाला ते चालतं का, हे सांगा. काकांचा विनोद होता की जावई आता पुणेकर झाला, दुपारी एक ते चार त्याला उठवायचं नाही. मला वाटलं हा इथेच राहील. पण जर्मनीतल्या अनेक इमारतींत दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही अशी वेळ पाळली जाते. तिथला धागा पकडून विनोद सहज पलीकडे गेला, उलट पुणे एक तासानं पुढे निघालं.

लाडाची नावं

मुलीचं घरचं नाव चिऊ. अशा नावाबाबत अनुवादकाला तीन गोष्टी सांगा: ते कुठून आलं, बाहेरच्यांसमोर उच्चारलेलं तिला चालतं का, आणि जोडीदार तिला काय म्हणतो. चिऊ म्हणजे चिमणी, आणि जर्मनमध्ये चिमणीला 'श्पात्स' म्हणतात. गंमत अशी की तिथे आई-वडील मुलांना लाडानं श्पात्स म्हणतातही. इतकं नेमकं जुळून येणं क्वचित घडतं. पण प्रेमिकही एकमेकांना तसं म्हणतात, म्हणून विचारून घेतलं. जावई तिला तसं म्हणत नव्हता. तरीही आम्ही भाषणभर 'चिऊ'च ठेवलं, कारण ते तिचं नाव आहे, आणि एकदाच सांगितलं की याचा अर्थ श्पात्स. मेणाचं घर, शेणाचं घर, 'चिऊताई दार उघड' ही गोष्टही दोन वाक्यांत आली. त्यामुळे पुढे 'तुमचं दार उघडं असू द्या' ही ओळ त्यांना दुप्पट भिडली.

प्रेमपत्र असेल तर

वरचं सगळं पत्रालाही लागू आहे. पण पत्रात एक जागा अशी आहे जिथे अनुवादक एका शब्दानं नातं पुढे ढकलू शकतो किंवा मागे ओढू शकतो.

'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मराठीत फारसं कोणी बोलत नाही. माणसं लिहितात 'तू मला फार आवडतोस'. आता हे जर्मनमध्ये 'इश माग डिश' केलं, तर ते 'तू मला बरा वाटतोस'च्या जवळ जातं. 'इश लीबं डिश' केलं, तर ते प्रेमाची पूर्ण, स्पष्ट कबुली होते, आणि तिथे हे वाक्य सहजासहजी बोललं जात नाही. मधे 'इश हाब डिश लीब' आहे. त्यात माया आहे, घरच्यांना, जिवलग मैत्रिणीला, आणि नव्यानं जुळलेल्या नात्यातही ते म्हणतात. तीनपैकी कोणतं, हे मजकूर कितीही वेळा वाचून ठरत नाही. म्हणून सांगा: तुम्ही एकमेकांना हे आधी म्हणाला आहात का? कोणत्या भाषेत? पहिल्यांदा कोण म्हणालं? हे पत्र ती कबुली आहे की त्यानंतरचं? हे प्रश्न खासगी आहेत, मान्य. तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर फक्त एवढं सांगा: 'अजून म्हटलेलं नाही आणि या पत्रातही म्हणायचं नाही.' तेवढ्यावर काम होतं.

उलट दिशेला, जर्मन पत्र मराठीत आणायचं असेल, तर लिहिणारा आणि वाचणारा स्त्री की पुरुष हे दोन्ही सांगावं लागतं. 'मी वाट पाहत होतो' की 'होते', 'तू आवडतोस' की 'आवडतेस', मराठी क्रियापद हे उघड केल्याशिवाय पुढे सरकत नाही. दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं नातं असेल तर तसं स्पष्ट लिहा. नाहीतर अनुवादक आपल्या अंदाजानं एकाचं लिंग बदलून मोकळा होईल.

तुमच्या दोघांतले खास शब्द, चुकीच्या उच्चारातून रूढ झालेले, कुठल्याशा ट्रेनमध्ये सुचलेले, त्यांच्याखाली रेघ मारा आणि 'हे बदलू नका' असं लिहा. आणि पत्र कोण कोण वाचणार ते सांगा. तिची आई वाचणार असेल तर काही ओळी वेगळ्या पानावर जाव्यात.

कोण वाचणार, किती वेळात

भाषण परिच्छेदागणिक दोन भाषांत होणार की जर्मन प्रत टेबलावर छापून ठेवणार, हे आधी ठरवा. छापील प्रतीत लांब वाक्यं चालतात. मोठ्यानं वाचताना धाप लागते. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते. जर्मनमध्ये तिच्यासाठी वेगळे शब्द येतात, त्यामुळे शब्दसंख्या चांगलीच वाढते. मराठीत पाच मिनिटांचं भाषण आलटून पालटून वाचलं की अकरा-बारा मिनिटं सहज होतात, आणि मागे जेवणाच्या पंगती खोळंबलेल्या असतात. काकांना मी मराठी मजकूर चारशे शब्दांवर आणायला सांगितलं. पेले उंचावण्याची पद्धत असणार आहे का, हेही सांगा. कार्यालयात पन्हं असेल तर 'वधूवरांच्या नावानं' म्हणून पेले उंचावायला लावणारी शेवटची ओळ हवेत लटकते.

घरातल्या कोणी जर्मन शिकणाऱ्या भाच्याकडून तपासून घेणार असाल तर अनुवादकाला कळवा. हे भाचे बहुधा डूचं झी करून ठेवतात, कारण पुस्तकात 'मोठ्यांना झी' असं शिकवलेलं असतं. शक्य तर जर्मन घरात वाढलेल्या एका माणसाला, आमच्या बाबतीत जावयाच्या बहिणीला, एकदा वाचायला द्या. आणि अनुवादकाकडून चार-पाच नाजूक ओळींचा मराठीत उलटा अर्थ तोंडी ऐकून घ्या. शुक्रवारपर्यंत हे होत नाही. आठ-दहा दिवस हाताशी ठेवा.

काकांनी शेवटी मला जी चिठ्ठी पाठवली ती अशी होती:

'रिसेप्शन, एरंडवणे, साधारण दीडशे माणसं, त्यांत सोळा जर्मन. मी मराठीत वाचणार, मुलीची मैत्रीण जर्मनमध्ये. जावई आणि विहीणबाई: डू. त्यांचे वडील व त्यांच्या पत्नी: पहिल्यांदाच भेटणार, पण मुलगी म्हणते डू चालेल. आईचा जोडीदार: मुलगा त्यांना नावानं हाक मारतो, बाबा म्हणत नाही. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, तिचा उल्लेख आहे, मुलाची तिच्याशी भेट झाली होती. पत्रिकेचा भाग काढला. चिऊ ठेवा. पदराच्या ओळीवर विहीणबाईंनी हसावं, रडू नये. मद्य नाही.'

या चिठ्ठीनंतर अनुवादाला दोन संध्याकाळी लागल्या. काकांना एक ओळ स्वतः जर्मनमध्ये म्हणायची होती, मुलीसाठी. 'इश लीबं डिश' त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वडील मुलीला म्हणतात ते मी देवनागरीत मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहून दिलं, 'चिऊ, इश हाब डिश लीब', आणि 'श' हलका, जवळजवळ ह-कडे झुकणारा, एवढं फोनवर तीनदा म्हणून घेतलं.